आबांचं व्याकरण

सिनेमातल्या म्हाताऱ्याला विसरायचा आजार झाला की तो आधी खिडकीत जाऊन बसतो. हातात फोटो घेतो. हात थरथरायला लागतात, तोंड उघडं राहतं आणि मागे बासरी वाजते. मग मुलगा येतो, म्हातारा म्हणतो, "तू कोण आहेस?" आणि मुलगा भिंतीला टेकून रडतो. शेवटी कुणीतरी जुनं गाणं लावतं आणि म्हाताऱ्याला सगळं आठवतं. माझ्या घरात हा आजार तीन वर्षं आहे. आमच्याकडे खिडकीत धुणं वाळत असतं.

हे मी आज शहाणपणानं लिहितेय, पण त्या पोराच्या तोंडावरही मी हेच म्हटलं होतं. पोरगा म्हणजे दिग्दर्शक. तिशीचा, पुण्याचा, दाढी राखलेला, दर वाक्याला "अॅक्च्युअली" म्हणणारा. आमच्या शिरूरच्या गल्लीतलं शेजारचं घर त्यानं शूटिंगसाठी भाड्यानं घेतलं होतं. मोबाइलवर बघायचा सिनेमा होता म्हणे. त्यात रेल्वेतून निवृत्त झालेला एक म्हातारा, त्याला सांभाळणारी लेक आणि शहरात राहणारा मुलगा. शेजारणीनं त्याला सांगितलं, "पलीकडं बाईंचे वडील अगदी तसेच आहेत." झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी हा दारात उभा, हातात कागदांचा गठ्ठा.

"बाई, तुम्ही मराठीच्या शिक्षिका होतात ना? आम्हाला ऑथेंटिक करायचंय."

शाळेत तीस वर्षं मी मराठीचं व्याकरण शिकवलं. अख्खं शिरूर मला बाई म्हणतं, भाजीवाल्यापासून डेपो मॅनेजरपर्यंत. आबाही मला बाईच म्हणतात. मला नोकरी लागली त्या दिवशी त्यांनी गमतीनं सुरू केलं ते. "काय बाई, शाळा सुटली का?" मग तेच नाव पडलं.

मी त्याचे कागद वाचले. देवा रे! म्हातारा चहात मीठ घालतो. म्हातारा पायजमा उलटा घालून बाजारात जातो आणि लोक हसतात. म्हाताऱ्याला लेक फोटो दाखवते, "हा कोण? सांगा ना, हा कोण?" आणि तो केविलवाणा बघत राहतो. एका प्रसंगात तर तो लेकीलाच "कोण तू?" विचारतो. आणि कपडे काय, तर धोतर, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. रेल्वेच्या माणसाला घोंगडी!

"हे तुम्ही कुठं पाहिलंत?" मी विचारलं.

"रिसर्च केलाय, बाई."

"सिनेमेच पाहिलेत तुम्ही. दुसऱ्यांनी केलेली नक्कल पाहून तिची नक्कल केलीय. आणि लेकीला ओळखत नाही हे काढून टाका. लेकीला ओळखतात. मला ओळखतात ते."

हे मी फार ठसक्यात म्हटलं, कारण माझ्याजवळ तेवढंच होतं. बायकोचं जाणं विसरले, दौंडचं रेल्वेचं क्वार्टर सुटलं हे विसरले, माझ्या भावाला विसरायला लागले. मी मात्र होते. दिवसातून वीस वेळा "बाई" अशी हाक यायची आणि तेवढ्यावर माझा दिवस ढकलला जायचा. मुलं नाहीत, नवरा गेलेला. मला ओळखणारं माणूस म्हणून घरात हे एकच होतं. ते गेलं असतं तर मी काय केलं असतं, मला खरंच माहीत नव्हतं.

म्हाताऱ्याचं काम करणारे नट नंतर घरी आले. साठी ओलांडलेले, रंगभूमीवर आयुष्य गेलेलं, हल्ली मालिकांतून सासरा करतात. शांत माणूस. त्यांना आबांजवळ बसायचं होतं. मी म्हटलं, "बसा. पण परीक्षा घेऊ नका त्यांची." कारण येणारा प्रत्येक नातेवाईक दारातच परीक्षा घेतो. "आबा, ओळखलं का? सांगा बरं मी कोण!" कसली हौस असते लोकांना? धडधाकट माणसाला असं कुणी विचारलं तर तो कानाखाली जाळ काढेल.

आबा पडवीत खुर्चीवर बसले होते. इस्त्रीचा शर्ट, टेरिकॉटची पँट, खिशाला पेन. नट समोर आले तसे आबा हात जोडून उठले.

"या पाव्हणं. बसा. कोण गाव म्हणायचं?"

"पुण्याहून आलो."

"पुण्याहून आला. लांबनं आला. पाऊसपाणी काय म्हणतंय तिकडं?"

"यंदा कमीच आहे."

"कमीच हाय. आवो, हिकडं बी तीच गत."

अर्धा तास गप्पा झाल्या. नट आत आले ते चक्रावून. मला हळूच म्हणाले, "बाई, यांना तर काहीच झालेलं नाही."

मला हसू आलं आणि रागही आला. डॉक्टरसुद्धा पहिल्यांदा असेच फसले होते. कागदावर घड्याळाचं चित्र काढून दाखवा म्हटलं तर आबा म्हणाले, "चष्मा न्हाई आणला." आज वार कोणता म्हटलं तर म्हणाले, "आता रिटायर मान्साला समदे वार सारखेच की." डॉक्टर हसले. मीही हसले होते. तेव्हा मला कळलं नाही की हा माणूस घामाघूम होऊन किल्ला लढवतोय.

मी नटांना म्हटलं, "आता परत जाऊन बसा. काय जेवलात ते विचारू नका, नुसतं ऐका."

ते परत गेले. आबा हात जोडून उठले. "या पाव्हणं. बसा. कोण गाव म्हणायचं?" तोच सूर, तेवढंच अगत्य. नट पाचव्यांदा जाऊन बसले तेव्हाही त्यात तसूभर कंटाळा नव्हता, कारण त्यांच्या बाजूनं ती पहिलीच वेळ होती. सिनेमातला म्हातारा तीच गोष्ट पुन्हा विचारतो तेव्हा भुतासारखा विचारतो. आबा यजमानासारखे विचारतात.

नट खरोखर शिकले, हे कबूल करायला हवं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "ते समोरच्याचं शेवटचं वाक्य परत म्हणतात, ते का?" मी सांगितलं. आबा दौंड जंक्शनला केबिनमध्ये होते, गाड्यांचे रूळ बदलायचे खटके ओढायचे. स्टेशनातून फोनवर जो हुकूम येईल तो जसाच्या तसा परत म्हणून दाखवायचा, मग खटका ओढायचा. चुकलं तर गाडी भलत्या रुळावर. तीस-पस्तीस वर्षांची ती सवय आता त्यांच्या कामी येत होती. अर्थ हातातून निसटला तरी वाक्य परत म्हणता येतं, आणि समोरच्याला वाटतं, गप्पा चालल्यात.

तिसऱ्या दिवशी त्यांना मानेचं कळलं. अवघड प्रश्न आला की आबांची मान माझ्याकडे वळते. "काय बाई?" म्हणतात, जणू मलाही संभाषणात घेतायत. मी उत्तर देते, ते मान डोलावतात, "तेच म्हणतो मी." संध्याकाळी उन्हं कलली की उठून दाराशी जातात. ड्यूटीवर जायचं असतं. "आबा, तुम्ही रिटायर झालात" म्हटलं की कासावीस होतात, चिडतात. म्हणून मी म्हणते, "फोन आला होता, गाडी लेट आहे." मग बसतात. गाडी लेट असणं त्यांना आयुष्यभर पटत आलंय.

नटांनी थरथरणं बंद केलं. घोंगडी परत पाठवली. आबांचा शर्ट बघून तसाच शिवून घेतला. तोंड उघडं ठेवणं सोडलं आणि डोळ्यांत काम आणलं. मी त्यांना एवढंच सांगितलं होतं की तुमचा म्हातारा रिकामा नाहीये, तो दिवसभर राबतोय, पकडले जाऊ नये म्हणून राबतोय. अब्रूचा प्रश्न आहे त्याचा.

दिग्दर्शक मात्र जागचा हलेना. मुलगा भेटायला येतो तो प्रसंग त्याला तसाच हवा होता. "तू कोण आहेस?" आणि मुलगा भिंतीला टेकून रडतो.

"अहो, बाप मुलाला 'तू' म्हणाला तर बिघडलं कुठं?" मी म्हटलं. "तू म्हणजे घरचा. आबा न ओळखणाऱ्या माणसाला तू कसं म्हणतील? ते म्हणतील, या, बसा. पोराला 'बसा' म्हणतील. यातच सगळं गेलं की नाही?"

"अॅक्च्युअली बाई, फार सटल आहे. लोकांना कळणार नाही."

"लोकांना नाही कळणार? मराठी लोकांना तू आणि तुम्ही कळत नाही? तुम्हाला कळत नाही म्हणा सरळ!"

तो म्हणाला, दोन्ही प्रकारे घेऊन बघू. भित्र्या माणसाचं नेहमीचंच असतं हे.

आता माझ्या भावाचं सांगते. दौंडला त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे. दौंड ते शिरूर दीड तासाचा रस्ता, आणि आठ महिने हा आला नव्हता. फोनवर म्हणायचा, "ताई, आबांनी मला ओळखलं नाही तर मला सहन नाही व्हायचं गं." कुठून आलं हे वाक्य? मालिकेतून आलं. बापाच्या आजारात सुद्धा मुख्य भूमिका यालाच हवी. पण शूटिंग आहे आणि तो मालिकेतला सासरा आपल्याकडे चहा पितो म्हटल्यावर साहेब रविवारी सकाळी हजर. बायकोसकट, नवा शर्ट घालून, मोबाइल चार्ज करून.

आबा पडवीत, शेजारी नट. भाऊ पायऱ्या चढला.

"आबा."

आबा हात जोडून उठले. "या पाव्हणं. बसा, बसा. कोण गाव म्हणायचं?"

भावाचा चेहरा पडला. मला सांगायला लाज वाटते, पण मला बरं वाटलं. भोग म्हटलं मनात.

"दौंड," तो म्हणाला.

"दौंड! आवो, आमचा पोरगा असतो की दौंडला. मोठं दुकान हाय त्याचं."

"येतो का तुमच्याकडं?" भावानं विचारलं. का विचारलं कोण जाणे.

आबांची मान माझ्याकडे वळली. मी मुद्दाम काही बोलले नाही. बघू दे म्हटलं. आबांनी क्षणभर वाट पाहिली, मग पाव्हण्याकडे वळून छाती काढून म्हणाले, "येतो की. न येऊन कसं चालंल? दर आयतवारी येतो. लई व्याप हाय त्याला, पर येतो."

परक्या माणसापुढं पोराची अब्रू झाकली त्यांनी. पोराला ओळखत नव्हते, पण त्याच्यावर शब्द येऊ देत नव्हते. भाऊ पडवीच्या कठड्यावर बसून राहिला. भिंतीला टेकला नाही, रडलाही नाही. नुसता चप्पल काढत आणि घालत बसला. फोटो त्यानं काढला नाही. आबा दोनदा म्हणाले, "जेवून जा पाव्हणं," आणि तो जेवून गेला.

दुपारी तोच प्रसंग नटांनी केला. मुलाला "या, बसा" म्हणाले, आणि पुढचं वाक्य लिहिलेलं नसताना आपणहून म्हणाले, "आमचा मुलगा येतो की, दर रविवारी येतो." मुलाचं काम करणाऱ्या पोराला पुढं काय बोलावं सुचेना, आणि तेच बरोबर दिसलं. दिग्दर्शकानं दुसऱ्या प्रकारे घ्यायचं नाव काढलं नाही. मी घरी जाऊन शेजारणीला म्हटलं, शेवटी मराठीच्या बाईनं शिकवलंच! इतकी फुगले होते मी.

शेवटच्या दिवशी लेकीचे प्रसंग होते. मी कॅमेऱ्याला जोडलेल्या छोट्या पडद्यासमोर बसून बघत होते. पडद्यावर म्हातारा पडवीत, लेक आत स्वयंपाक करतेय. म्हातारा आबांसारखीच हाक मारतो, "बाई, पाणी." ती पाणी आणते. "बाई, दार लावलं का?" ती म्हणते, लावलं. "बाई, जेवान झालं का?"

कट झाल्यावर मी उठले. "एक चुकतंय. आबा नुसतं 'पाणी' म्हणत नाहीत. 'पाणी दे' म्हणतात."

नटांनी माझ्याकडे पाहिलं. मग खुर्ची ओढून जवळ बसले आणि हळू म्हणाले, "नाही म्हणत, बाई. मी इतके दिवस ऐकतोय. 'दे' म्हणत नाहीत. मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

"काहीतरीच काय! मला एकेरीतच बोलतात ते. बाप आहे माझा."

"हो," ते म्हणाले. मला त्यांचा राग आला, नक्कल करणाऱ्यानं मला माझ्या बापाची भाषा शिकवावी? मी पर्स उचलून घरी आले.

घरी पडवीत आबा होते. मी आत जाऊन भांडी घासत ऐकत राहिले.

"बाई, च्या मिळंल का?"

"बाई, फोन वाजतोय जनू."

"बाई, दार लावलं का?"

तीस वर्षं मी फळ्यावर हेच लिहिलं. कर्मणी प्रयोग. 'तू दार लावलंस' यात 'तू' आहे, 'तुम्ही दार लावलंत' यात 'तुम्ही' आहे, पण 'दार लावलं' यात कुणीच नाही. दार तेवढं आहे. कर्ता गाळता येतो, मुलांनो. माझ्या स्वयंपाकघरातून दिवसाला वीस वाक्यं जात होती, त्यांतल्या एकातही मी नव्हते, आणि मी मात्र गावभर सांगत सुटले होते की मला ओळखतात. बाई! गावात सगळ्याच बायका बाई असतात. 'दे' म्हणावं की 'द्या' हे ठरत नव्हतं म्हणून ते क्रियापदच गिळत होते. कधीपासून, देव जाणे. भावाला हसणारी मी, दिग्दर्शकाला शिकवणारी मी. थू माझ्या शहाणपणावर.

तरी मला खात्री करायची होती. परीक्षा घेऊ नका म्हणणारी मी, हात पुसून बाहेर गेले आणि परीक्षा घेतली.

"आबा, मी आता काय करू?"

या प्रश्नाला क्रियापद गिळून उत्तर देता येत नाही. आबांची मान वळली. डावीकडे, उजवीकडे. नेहमी जिच्याकडे वळायची ती समोर उभी होती. मदतीला दुसरं कुणी नव्हतं. कपाळावर घाम आला त्यांच्या. मला माझीच किळस आली, पण शब्द परत घेता येईना.

"तुमाला काय सांगायचं, बाई," ते शेवटी म्हणाले, अगदी अदबीनं. "काय करायचं ते करा."

करा.

मी खांबाला धरून उभी राहिले. त्यांना माझ्या तोंडावर काहीतरी दिसलं असावं. चूक झाली हे त्यांना कळतं, कुठली झाली ते कळत नाही. ते हात जोडून अर्धे उठले.

"बसा की, बाई. उभ्या का? कोण गाव म्हणायचं तुमचं?"

"दौंड," मी म्हटलं.

"दौंड! आमी तितंच व्हतो, केबिनला. आता पोरगी असती हितं शिरूरला. मास्तरीण हाय." त्यांच्या आवाजात जोर आला. "तोंडानं लई फटकळ. कुनाचं ऐकून घेत न्हाई."

"येते का तुमच्याकडं?"

या वेळी त्यांची मान कुणाकडेच वळली नाही.

"येती की," ते म्हणाले. "न येऊन कसं चालंल? रोज येती."

दौंडच्या पाव्हण्याला त्यांनी हेच सांगितलं होतं आणि ते खोटं होतं. मला सांगितलं ते खरं होतं, पण ते खरं आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. परक्या बाईपुढं त्यांनी माझी अब्रू झाकली होती.

"चांगली दिसतेय पोरगी," मी म्हटलं.

"चांगली हाय," आबा म्हणाले. "बसा तुमी. येईलच आता ती."

मी बसले.